कपाळावर बाम लावायचाच, तर घड्याळ बघून: पुदिना, निलगिरी आणि ताणाची डोकेदुखी

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून मला वीसेक वर्षं झाली. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात सगळ्यात जास्त कानावर पडणारं वाक्य म्हणजे, "डोकं धरलंय हो, जरा चांगला बाम द्या." चांगला म्हणजे कोणता, असं विचारलं की बहुतेक जण म्हणतात, "जोरात लागणारा." कपाळाची आग झाली, डोळ्यांत पाणी आलं, म्हणजे बाम चांगला असा हिशोब. या हिशोबात गडबड आहे, आणि ती उलगडून सांगायची म्हणून हा लेख.

बामाचं आणि आपलं नातं जुनं. अमृतांजन १८९३ साली मुंबईतच सुरू झालं. खंडाळ्याच्या घाटातल्या ब्रिटिशकालीन पुलाला लोक अमृतांजन पूल म्हणायचे ते तिथल्या बामाच्या जाहिरातीमुळे. २०२० च्या टाळेबंदीत तो पूल पाडला, तरी नाव काही गेलं नाही. ज्या घरात थर्मामीटर सापडत नाही, तिथेही उशाशी बामाची डबी असते. पण तो किती लावायचा, कुठे लावायचा आणि किती वेळाने पुन्हा लावायचा, हे कुणी कुणाला सांगितलेलं नसतं. बाम 'चोळायचा' असतो, एवढंच आपण आजीकडून शिकलो.

आधी डोकेदुखी कोणती ते ठरवा

खाली जे सांगतोय ते ताणाच्या डोकेदुखीपुरतं. ती ओळखायची खूण अशी: दोन्ही बाजूंनी दुखतं, कपाळाभोवती कुणीतरी पट्टा आवळलाय असं वाटतं, ठणका नसतो, उलटीची भावना नसते आणि जिना चढला-उतरला म्हणून दुखणं वाढत नाही. माणूस काम करत राहतो, फक्त वैतागलेला असतो. असं दुखणं अर्ध्या तासात थांबू शकतं, किंवा काही दिवस रेंगाळू शकतं.

एकाच बाजूला ठणकत असेल, मळमळत असेल, उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे वाटत असतील, तर ती बहुधा अर्धशिशी. तिच्यावरही मेंथॉलचे, म्हणजे पुदिन्याच्या तेलातल्या गार लागणाऱ्या घटकाचे, प्रयोग झाले आहेत, पण तो वेगळा विषय आहे. कपाळ जड, गालाची हाडं दाबली की दुखतात आणि नाक चोंदलेलं, असं असेल तर सायनसचा संशय घ्यावा. तिथे बामाने नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, एवढंच.

काही डोकेदुख्यांवर बाम लावत बसूच नये. क्षणात टिपेला पोचलेलं, आयुष्यात कधी नव्हतं इतकं दुखणं. ताप आणि सोबत मान आखडणं. बोलताना जीभ अडखळणं, हात-पाय लुळा पडणं. डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेलं दुखणं. गरोदरपणात अचानक आलेलं. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेलं. किंवा डोळा लाल होऊन अंधुक दिसणं. यातलं काहीही असेल तर डबी ठेवून द्या आणि डॉक्टर गाठा.

तपासलं गेलंय ते नेमकं काय

ताणाच्या डोकेदुखीवर पुदिन्याच्या तेलाचा उपयोग होतो का, हे नीट तपासलं जर्मनीतल्या कील शहरातल्या डॉ. हार्टमुट ग्योबेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. १९९४ साली त्यांनी ३२ निरोगी माणसांच्या कपाळावर आणि कानशिलांवर वेगवेगळी मिश्रणं लावून पाहिली. एकात पेपरमिंट म्हणजे पुदिन्याचं आणि निलगिरीचं अशी दोन्ही तेलं होती, एकात फक्त पेपरमिंट, एकात फक्त निलगिरी, आणि एकात दोन्हींचा नुसता वास येण्यापुरता अंश. सगळी अल्कोहोलात मिसळलेली. वेदना कमी जाणवल्याचं ठळकपणे दिसलं ते पेपरमिंट आणि अल्कोहोलच्या मिश्रणाने. दोन्ही तेलं एकत्र लावली तेव्हा स्नायू सैलावले, मन शांत झालं, पण वेदनेवर फारसा फरक पडला नाही.

मला यातली हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपण निलगिरीला डोकेदुखीचं औषध मानतो, कारण तिचा वास 'औषधी' आहे. प्रत्यक्षात दुखणं कमी करायचं काम पुदिन्याचं. निलगिरीने बरं वाटतं, सैल वाटतं, आणि त्यालाही किंमत आहेच. पण डबीवर निलगिरी मोठ्या अक्षरांत आहे म्हणून बाम निवडू नका.

दोन वर्षांनी, १९९६ साली, त्याच गटाने खऱ्या रुग्णांवर प्रयोग केला. ४१ रुग्ण आणि त्यांच्या १६४ डोकेदुख्या. औषध म्हणजे अल्कोहोलात मिसळलेलं १०% पेपरमिंट तेल. ते कपाळ आणि कानशिलांवर लावायचं, पुन्हा १५ मिनिटांनी, पुन्हा ३० मिनिटांनी, म्हणजे एकूण तीनदा. तुलनेला होती पॅरासिटामॉलची १००० मिलिग्रॅमची मात्रा, आणि नुसता वास असलेलं खोटं औषध. पंधरा मिनिटांतच तेल खोट्या औषधापेक्षा सरस ठरलं आणि तासभर फरक टिकून राहिला. पॅरासिटामॉल आणि तेल यांच्यात लक्षणीय फरक सापडला नाही. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात टायगर बामवरही असाच एक प्रयोग झाला. तिथेही बाम खोट्या औषधापेक्षा बरा आणि पॅरासिटामॉलच्या बरोबरीचा निघाला.

म्हणजे 'बाम लावून काही होत नाही, मनाचे खेळ आहेत' असं म्हणणाऱ्यांचंही चुकतं. पण या प्रयोगांना मर्यादा आहेत. माणसं मोजकी होती, आणि मुख्य म्हणजे पुदिन्याचा गारवा लपवता येत नाही. खोट्या औषधात वासापुरतं तेल घातलं तरी कपाळ तितकं गार पडत नाही, त्यामुळे खरं औषध कोणतं हे रुग्णाला थोडंफार कळत असणार. म्हणून मी गिऱ्हाइकाला एवढंच सांगतो: साध्या, ताणाच्या डोकेदुखीत, लवकर आणि नीट लावलं तर, बऱ्याच जणांना उतार पडतो. सगळ्यांना नाही.

गारवा येतो कुठून

मेंथॉल लावल्यावर कपाळ खरोखर थंड होत नाही. त्वचेतल्या ज्या मज्जातंतूंवर थंडी ओळखणारं एक छोटं दार असतं, ते दार मेंथॉल उघडतं, आणि मेंदूला निरोप जातो की थंडी आली. हे दार २००२ मध्ये सापडलं. ते शोधणाऱ्यांपैकी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापूशन यांना २०२१ चं नोबेल मिळालं, ते स्पर्श आणि तापमानाच्या जाणिवेवरच्या कामासाठी. थंडीचा हा निरोप दुखण्याच्या निरोपाला मागे सारतो, असं साधारण स्पष्टीकरण आहे.

त्यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. मेंथॉलचं प्रमाण वाढवत नेलं की गारवा तेवढाच वाढत जात नाही, पुढे आग होऊ लागते. ती आग म्हणजे 'बाम लागला' याचा पुरावा नव्हे, त्वचेची तक्रार आहे.

डबीच्या मागचं वाचा

भारतातले बहुतेक बाम आयुर्वेदिक औषध म्हणून विकले जातात, त्यामुळे घटकांची नावं मराठी-संस्कृत वळणाची असतात. 'पुदिना फूल' किंवा 'पुदिना सत्त्व' म्हणजे मेंथॉल. तोच तुमच्या कामाचा घटक. 'निलगिरी तेल' कळतंच. 'कर्पूर' म्हणजे कापूर. 'गंधपुरा तेल' म्हणजे विंटरग्रीन, ज्यात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे ॲस्पिरिनचं चुलत भावंड. 'ओवा फूल' म्हणजे थायमॉल. लवंगेचं, दालचिनीचं तेलही सापडतं.

गुडघा-कंबरेसाठी केलेल्या बामात गंधपुरा भरपूर असतो. तो उष्ण लागतो, आणि 'जोरात लागणारा' मागणाऱ्यांना नेमका तोच आवडतो. कपाळासाठी तो नको. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१२ मध्ये अंगदुखीच्या अशा मलमांनी त्वचा भाजल्याच्या घटनांबद्दल इशारा दिला होता. त्यातली बरीच उत्पादनं ३ टक्क्यांहून जास्त मेंथॉल आणि १० टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट एकत्र असलेली होती. ती सांधे-स्नायूंवर लावलेली होती, जिथली कातडी जाड असते. कपाळाची त्याहून नाजूक आणि पापणीची तर कांद्याच्या पापुद्र्यासारखी. म्हणून माझा नियम असा की कपाळाला लावायचा बाम निवडताना यादीत पुदिना वर असावा आणि गंधपुरा नसावा, किंवा अगदी थोडा असावा.

प्रयोगातलं १०% तेलाचं अल्कोहोलातलं औषध जर्मनीत तयार बाटलीत मिळतं. आपल्याकडे नेमकं तसं औषध मला दुकानात क्वचितच दिसलंय. जवळचा पर्याय म्हणजे मेंथॉलचा रोल-ऑन. तो पातळ असतो, हात बरबटत नाहीत, आणि मात्रा आपोआप कमी राहते.

घरी करायचं असेल तर १० मिलिलिटर खोबरेल तेलात पेपरमिंट तेलाचे ६ थेंब घाला. थेंब लहान-मोठा असतो, पण साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर हे सुमारे ३% झालं. आठवडाभर काही त्रास झाला नाही तर १० थेंबांपर्यंत, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत जा. घरगुती मिश्रणात त्यापुढे नको. हे प्रयोगातल्या औषधापेक्षा सौम्य आहे आणि तेलात असल्यामुळे गारवाही हळू येतो. प्रयोगातला परिणाम इथे जसाच्या तसा मिळेल असं मी म्हणणार नाही. थंडीत खोबरेल गोठतं, तेव्हा बाटली तळहातात धरून पातळ करा आणि हलवून घ्या.

शुद्ध तेल बाटलीतून थेट कपाळाला लावू नका. पानाच्या दुकानात मिळणारे पुदिना फुलाचे खडे तर मुळीच नाही. ते जवळजवळ निव्वळ मेंथॉल असतं. आणि वर्षभर उघडी पडलेली तेलाची बाटली फेकून द्या. हवेने जुनं झालेलं तेल ताज्यापेक्षा जास्त ॲलर्जी करतं. झाकण उघडल्याची तारीख पेनने बाटलीवर लिहून ठेवली की अंदाज राहतो.

आधी कोपराच्या आत, मग कपाळावर

नवा बाम आणला की लगेच कपाळावर नको. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर पातळ थर लावा, सकाळ-संध्याकाळ, सलग तीन-चार दिवस. जमलं तर आठवडा. एकदाच लावून पाहणं पुरत नाही, कारण ॲलर्जी पहिल्या दिवशी कळेलच असं नसतं.

इथे दोन वेगळ्या गोष्टी ओळखता यायला हव्यात. चुरचुर लावल्या लावल्या सुरू झाली, लाली बाम लागला तेवढ्याच जागेत राहिली आणि धुतल्यावर तास-दोन तासांत गेली, तर ते जहाल लागणं. बाम सौम्य केला किंवा कमी लावला की भागतं. पण लावताना काहीच नाही आणि एक-दोन दिवसांनी खाज, बारीक पुरळ, लाली बाम लावला त्याच्या बाहेरही पसरलेली, कपाळाला लावला तरी पापण्या सुजलेल्या, असं असेल तर ती ॲलर्जी. मग तो घटक कायमचा वर्ज्य. सौम्य करूनही उपयोग नाही, उलट पुढच्या वेळी जास्त उठतं.

लावायची रीत

दुखायला लागलं की अर्ध्या तासात लावा. दुपारी सुरू झालेलं दुखणं रात्री घरी जाऊन चोळण्यापेक्षा दुपारीच डबी उघडलेली बरी.

कपाळाचा घाम, पावडर, सनस्क्रीन ओल्या रुमालाने पुसा आणि कोरडं होऊ द्या. घामावर लावलेला बाम घामाबरोबर डोळ्यांत उतरतो. मे महिन्यात तर हमखास. लेन्स लावत असाल तर बामाला हात लावण्याआधीच त्या काढून ठेवा.

मात्रा किती? संपूर्ण कपाळ आणि दोन्ही कानशिलं मिळून हरभऱ्याच्या डाळीच्या एका दाण्याएवढा बाम. रोल-ऑन असेल तर कपाळावरून एक फेरी, कानशिलांवर एकेक. बोटाच्या टोकाने भुवयांच्या एक बोट वरून सुरुवात करा, मधून बाहेर पसरवत न्या, आणि कानशिलावर केसांच्या रेषेजवळ थांबा. डोळ्याच्या कोपऱ्यापासून अंगठ्याएवढं अंतर ठेवा. चोळायचं नाही, नुसतं पसरवायचं. हलक्या हाताने मानेमागचे स्नायू दाबून घेतले तर छान, पण ते बाम नसलेल्या हाताने.

लगेच साबणाने हात धुवा. नखांखालीही. रात्री नकळत डोळा चोळला जातो, आणि मग लोक 'बाम कपाळाला लावला, डोळा का चुरचुरतोय' म्हणत येतात.

आता घड्याळ बघा. १५ मिनिटांनी कपाळ फक्त गार वाटत असेल, आग नसेल, तर दुसरा हात फिरवा. आणखी १५ मिनिटांनी तिसरा. नंतर तासभर काहीही करू नका. त्वचा लाल दिसली किंवा चरचरली तर दुसरा-तिसरा थर लावू नका, पहिल्यावरच थांबा. हा तीन थरांचा क्रम प्रयोगातल्या पातळ अल्कोहोलच्या औषधाचा आहे. तो रोल-ऑनला आणि घरच्या सौम्य तेलाला चालतो. घट्ट डबीच्या बामाचे मी दोनच थर सांगतो, कारण तो उडून जात नाही, कपाळावर साचत जातो.

तासाभरात काहीच फरक नाही, तर बाम आणखी लावून फरक पडणार नाही. त्यापेक्षा पाणी प्या, जेवण राहिलं असेल तर जेवा, आणि तुम्हाला चालत असेल तर पॅरासिटामॉलची गोळी घ्या. प्रयोगात गोळी आणि तेल एकत्र दिल्यावर परिणामात भर पडलेली दिसली होती, तेव्हा एकाच वेळी दोन्ही घ्यायला हरकत नाही.

एक घडलेली गोष्ट

आमच्या गल्लीतल्या एक ताई बँकेत आहेत. महिनाअखेर आली की संध्याकाळी चारच्या सुमाराला कपाळ आवळायला लागतं, हे त्यांचं जुनं दुखणं. एकदा त्या ओढणी कपाळावर ओढूनच दुकानात आल्या. ओढणी सरकवली तर कपाळावर दोन बोटं रुंद लालबुंद पट्टा, आणि मधे टिकलीच्या जागी बारीक फोड. झालं होतं असं: कंबरेसाठी आणलेला उष्ण बाम भरपूर चोळला, वर ओढणी घट्ट बांधली, आणि तेवढ्याने भागेना म्हणून गरम पाण्यात पिळलेला टॉवेल ठेवून झोपल्या.

यात तीन चुका एकावर एक चढल्या होत्या. बाम चुकीचा होता. तो झाकला गेला, म्हणजे उडून जायचा तो त्वचेत मुरत राहिला. आणि उष्णतेने रक्तवाहिन्या पसरून तो आणखी आत गेला. टिकलीच्या जागचं कारण निराळं. टिकलीच्या गोंदाने तिथली त्वचा आधीच नाजूक झालेली असते, काहींना तर तिथे पांढरा डागही पडतो. तिथे बाम लावूच नये. टिकली काढून लावायचा असला तरी तेवढी जागा सोडून.

पट्टा आठवड्याभरात गेला, पण त्याजागी तपकिरी सावली राहिली, ती निवळायला चार महिने लागले. गव्हाळ-सावळ्या त्वचेला जखमेपेक्षा तिचा डाग जास्त काळ छळतो. डाग असेपर्यंत उन्हात जाताना सनस्क्रीन लावा, नाहीतर तो गडद होत जातो.

कपाळ पूर्ण बरं झाल्यावर, कोपरावर आठवडाभर तपासून, त्यांनी मेंथॉलचा रोल-ऑन सुरू केला. मी त्यांना वहीत नोंद करायला लावली. दुखण्याला शून्य ते दहापैकी आकडा द्यायचा, लावायची वेळ लिहायची, तासाभराने पुन्हा आकडा. एका पानावरची नोंद मला आठवते. ४.१० ला दुखणं ५, पहिला हात. ४.२५ ला ४, दुसरा हात. ४.४० ला ३, तिसरा. ५.१० ला २, 'चहा घेतला'. चहाची नोंद त्यांनी स्वतःहून केली होती, आणि ती मोलाची निघाली. पुढच्या दोन वेळा त्यांनी आधी चहा घेतला आणि बाम लावलाच नाही. त्यातल्या एका दिवशी दुखणं चहानेच गेलं. दुपारचा चहा चुकला की त्यांचं डोकं दुखायचं. सव्वा महिन्यात पाच नोंदी झाल्या. तीनदा बामाने उतार पडला, एकदा चहाने, आणि एकदा कशानेच नाही. त्या दिवशी मळमळही होती आणि उजेड सहन होत नव्हता. ती बहुधा अर्धशिशी होती, आणि ते पान घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या.

एका माणसाच्या पाच नोंदींवरून सगळ्यांसाठी काही सिद्ध होत नाही. पण स्वतःपुरतं ठरवायला अशी वही फार कामाची. तुम्हीही पाच-सहा वेळा लिहून पाहा. तासाभरात आकडा निम्म्यावर येत नसेल, तर बाम तुमच्यासाठी नुसता सुगंध आहे.

झाकू नका, तापवू नका

ताईंची ओढणी हे एक उदाहरण झालं. आमच्याकडे दुसरं हमखास उदाहरण हेल्मेटचं. दुचाकीवर घरी जायच्या आधी बाम लावतात आणि वर हेल्मेट चढवतात. आत घाम, ऊब आणि कपाळावर घट्ट दाबलेलं फोम. पंधरा मिनिटांत चुरचुर सुरू होते आणि सिग्नलला थांबून डोळे चोळणारी माणसं दिसतात. बाम लावल्यावर निदान तासभर हेल्मेट, घट्ट टोपी, कानटोपी नको. बाम लावून वाफ घेणं, गरम पट्टी ठेवणं, हेअर ड्रायर, लगेच गरम पाण्याने तोंड धुणं, हेही नको.

ज्या कपाळावर नुकतंच थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग झालंय, मुरुमांसाठी रेटिनॉइडची क्रीम चालू आहे, पिंपल फुटलाय, इसब आहे, तिथे बाम लावू नका. गोरं करणाऱ्या, स्टेरॉइड असलेल्या क्रीम महिनोन्महिने लावणाऱ्यांच्या बाबतीत तर माझं उत्तर सरळ नाही असं असतं. त्यांची त्वचा पातळ झालेली असते आणि साधा बामही तिला तिखटासारखा झोंबतो.

आग झाली तर

पहिली चूक पाण्याने होते. बाम तेलकट असतो. नुसतं पाणी मारलं की तो निघत नाही, पसरतो, कधी डोळ्यांकडे ओघळतो. आधी कोरड्या कापसाने टिपून घ्या, मग कापसावर थोडं खोबरेल घेऊन वरून खाली न ओढता बाहेरच्या बाजूला पुसा, आणि मग साबण व साध्या पाण्याने धुवा. बर्फ थेट ठेवू नका. मेंथॉलने जाणीव फसलेली असते, थंडीने कातडी दुखावतेय ते कळत नाही. फोड आले, किंवा आग काही तासांत उतरली नाही, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. घरातली कुठली तरी ट्यूब त्यावर थापू नका.

डोळ्यात गेला असेल तर नळाच्या हलक्या धारेखाली डोळा उघडा धरून पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं खूप वाटतात, म्हणून खरंच घड्याळ बघा. लेन्स राहिलीच असेल तर हात स्वच्छ धुऊन काढा आणि ती पुन्हा वापरू नका. त्यानंतरही अंधुक दिसत असेल किंवा टोचत असेल तर डोळ्यांचे डॉक्टर.

कुणी जपून, कुणी नाहीच

दोन वर्षांखालच्या मुलांच्या चेहऱ्याजवळ मेंथॉल किंवा कापूर असलेलं काहीही नको. नाकाजवळ लावलं तर लहान बाळाचा श्वास अडखळू शकतो. सहा वर्षांपर्यंत मी डोकेदुखीसाठी बाम देतच नाही. एवढ्या लहान मुलाचं डोकं वारंवार दुखत असेल तर आधी बालरोगतज्ज्ञ आणि डोळ्यांची तपासणी. डबी आणि तेलाची बाटली मुलांच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवा. कापूर आणि निलगिरीचं तेल थोडंसं पोटात गेलं तरी मुलाला झटके येऊ शकतात. तसं झालं तर उलटी काढायचा प्रयत्न न करता थेट दवाखाना.

फेफरं असणाऱ्यांनी कापूर-निलगिरीचे बाम टाळावेत. रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल, तर गंधपुरावाले बाम नकोत. दमेकऱ्यांना काही वेळा उग्र वासानेच धाप लागते. गरोदर आणि पाजणाऱ्या बायकांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. पाजणाऱ्या आईच्या कपाळावरचा बाम बाळाच्या नाकाजवळच येतो, हे लक्षात राहत नाही.

रोज बाम लागतोय, असं सांगणाऱ्या गिऱ्हाइकाला मी एक प्रश्न विचारतो: महिन्यातून किती दिवस गोळी घेता? साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, आणि मिश्र घटकांची १० दिवस किंवा जास्त, असं काही महिने चाललं तर गोळ्यांमुळेच डोकेदुखी मागे लागते. बामाचा खरा फायदा मला इथे दिसतो. आठवड्यातली एखाद-दुसरी गोळी तो वाचवतो. पण बाम आणि गोळी दोन्ही रोज लागत असतील, तर मी तिसरी डबी विकत नाही, डॉक्टरांचा पत्ता देतो. त्यावर एक आजोबा मला म्हणाले होते, "अहो, मग तुमचं दुकान चालायचं कसं?" दुसऱ्या आठवड्यात ते बीपीच्या गोळ्या न्यायला आले. दुखण्याचं मूळ तपासणीत सापडलं होतं: चष्मा सहा वर्षांत बदललाच नव्हता, आणि बीपी त्याच फेरीत आयतं कळलं.